पोत्यावर 1470, पावतीवर 1725

हरभरा काढणीला आला की आमच्या घरी तळवट शिवायचं निघतं. खताची रिकामी पोती उसवायची, हौदावर धुवायची आणि सहा-सात पोती एकाला एक जोडून मळणीसाठी अंथरायला मोठं तळवट करायचं. गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या फेब्रुवारीत, आई ओसरीवर सुई-दोरा घेऊन बसली होती. आईची शाळा चौथीपर्यंत झाली, पण आकड्यांना ती पक्की आहे. दोन पोती शेजारी शेजारी धरून म्हणाली, "पोती तर सारखीच दिसत्यात, मग ह्याच्यावर चौदाशे सत्तर आन ह्याच्यावर सतराशे पंचवीस कसं रं?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

आमचं गाव कृष्णाकाठचं, वाळवा तालुक्यातलं. जानेवारीत चार एकर सुरू ऊस लावला. त्यासाठी 16 जानेवारीला तालुक्याच्या गावातल्या आमच्या नेहमीच्या दुकानातून उधारीवर खत उचललं होतं. दहा-सव्वीस-सव्वीसची 14 पोती, युरियाची 8 आणि मॅग्नेशियम सल्फेटची एक पिशवी. एकरी साडेतीन पोती असा दहा-सव्वीस-सव्वीसचा हिशेब आम्ही धरतो, निम्मं लावणीला आणि निम्मं मोठ्या बांधणीला. म्हणजे सात पोती सरीत गेली होती आणि सात अजून शेडमध्ये फळ्यांवर रचलेली होती. हे पुढं फार उपयोगी पडलं. सगळी पोती एकदम वापरून रिकामी पोती भंगारवाल्याला दिली असती, तर माझ्या हातात फक्त पावती राहिली असती.

पावती कपाटातल्या डब्यात होती. काढून बघितली. 10:26:26, नग 14, दर 1725, रक्कम 24,150. युरिया 8 पोती, दर 266.50, रक्कम 2,132. मॅग्नेशियम सल्फेट 650. एकूण 26,932 रुपये, खाली 'उधार' असा शिक्का आणि माझी सही. लॉट नंबरचा रकाना होता, पण कोरा.

मग बॅटरी घेऊन शेडमध्ये गेलो. खताच्या पोत्यावर कमाल किरकोळ किंमत कुठं छापलेली असते, हे मी इतकी वर्षं खत टाकूनही नीट बघितलं नव्हतं. रंगीत छपाईत ती नसते. किंमत, लॉट नंबर आणि महिना हे सगळं काळ्या शाईत, नंतर मारलेल्या शिक्क्यासारखं, शिलाईच्या जवळ किंवा पाठीमागं असतं. शाई फिकी असते आणि पोती थप्पीला असली की तोच भाग नेमका आत जातो. सातही पोती फिरवून बघितली. चारांवर 1470, तीनांवर 1725. रिकाम्या सातांपैकी पाचांवर जुनी किंमत, दोनांवर नवी. त्या पाचातलं एक उंदरांनी कुरतडलेलं होतं. किंमतीचे पहिले दोनच आकडे शिल्लक होते, पण लॉट नंबर स्पष्ट होता आणि तो बाकीच्या जुन्या पोत्यांशी जुळत होता.

म्हणजे 14 पैकी 9 पोती जुन्या किमतीची आणि 5 नव्या. पोत्यामागं फरक 255 रुपये. नऊ पोत्यांचे 2,295.

असं का झालं असेल, याचा अंदाज तेव्हाच आला होता. त्या जानेवारीत आमच्याकडं दहा-सव्वीस-सव्वीसची किंमत 1470 वरून 1725 वर गेली होती. दुकानात नवा माल आला, कॉम्प्युटरमध्ये नवा दर भरला गेला आणि गोडाऊनमध्ये जुना माल पडून राहिला. त्यात 2022 च्या ऑक्टोबरपासून अनुदानाची सगळी खतं 'भारत' या एकाच नावाच्या पोत्यात येतात. आधी कंपनीगणिक पोत्याचा रंग वेगळा असायचा, हमालसुद्धा लांबून ओळखायचा. आता जुना-नवा माल शेजारी लागला की ओळखायला ती काळी शाईच काय ती उरते. टेम्पोत पोती भरणारा पोरगा काही ती वाचत बसत नाही.

युरियाचं बरं असतं. 45 किलोचं पोतं, 266 रुपये 50 पैसे, वर्षानुवर्षं तेच. युरियाची किंमत सरकारच ठरवतं. दहा-सव्वीस-सव्वीससारख्या स्फुरद-पालाशच्या खतांना 2010 पासून पोषक घटकांवर ठरावीक अनुदान मिळतं आणि विक्रीची किंमत कंपनी छापते. त्यामुळं ती मधूनच बदलते, आणि बदल झाला की दोन-तीन महिने बाजारात दोन किमतींची पोती एकाच वेळी असतात. गोंधळ होतो तो याच दोन-तीन महिन्यांत. 2021 च्या एप्रिलमध्ये डीएपीचं असंच झालेलं मला आठवतं. 1200 चं पोतं 1900 वर गेलं, गावात नुसता कालवा झाला, आणि मे महिन्यात केंद्रानं अनुदान वाढवल्यावर ते परत 1200 वर आलं. त्या महिनाभरात कुणी कुठल्या दरानं घेतलं, याचा पत्ता नव्हता.

मी लगेच दुकानात फोन लावला. चूक केली. फोन मालकांच्या मुलानं घेतला. दुकान भरलेलं असणार, मागं आवाज येत होते. मी म्हणालो, "दर चुकलाय." तो म्हणाला, "दादा, उधारीला हाच दर असतो." मी म्हणालो, "पोत्यावर बघा की काय छापलंय." तो म्हणाला, "कुठलं पोतं, कुणाचं पोतं, मला इथनं काय दिसणार?" माझा आवाज चढला, त्याचाही चढला. फोन बंद.

त्या रात्री मी पहिलं पत्र लिहिलं. दोन पानं. त्यात 'लूट' हा शब्द तीनदा होता. मॅग्नेशियमची पिशवी मला नको असताना खतासोबत गळ्यात मारली, तेही लिहिलं. मागच्या वर्षी औषधाची बाटली मुदत संपत आलेली दिली होती, तेही आठवून लिहिलं. शेवटी कलेक्टर ऑफिस, कृषी खातं, ग्राहक मंच, सगळ्यांकडं जाणार असं ठोकून दिलं.

सकाळी ते पत्र घेऊन विकास सोसायटीच्या सचिवांकडं गेलो. त्यांचं आयुष्य कर्जाच्या कागदात गेलेलं. त्यांनी दोन्ही पानं शांतपणे वाचली आणि विचारलं, "ह्यात तुला नक्की काय पाहिजे?"

मी म्हणालो, "2,295 रुपये."

"मग ते ह्यात कुठं लिहिलंय?"

खरंच नव्हतं. दोन पानं राग लिहिला होता आणि आकडा एकदाही नव्हता. पावती क्रमांक नव्हता. किती पोती जुनी, किती नवी, तेही नव्हतं.

सचिव म्हणाले, मॅग्नेशियमचं भांडण खरं असलं तरी वेगळं आहे. ते या पत्रात घातलंस तर उत्तर त्याचंच येईल आणि दराचं बाजूला पडेल. मला ते पटायला वेळ लागला, कारण मनातून राग खरा तर त्या पिशवीचाच जास्त होता. पण काढलं.

मग उधारीच्या दराचा प्रश्न. त्यांनी मला खत नियंत्रण आदेश, 1985 मधल्या दोन गोष्टी समजावल्या. एक, विक्रेत्यानं कमाल किमतीच्या वर खत विकायचं नाही. दोन, प्रत्येक विक्रीची रोख किंवा उधारीची पावती द्यायची. म्हणजे उधारीची पावती कायद्याला माहीत आहे, पण उधारीचा म्हणून पोत्याचा वेगळा चढा दर त्यात नाही. उधारीचं व्याज हा आमच्या दोघांतला करार. आमचं ठरलेलं होतं, महिन्याला दीड टक्का. ते मी देत होतोच. व्याजही घ्यायचं आणि दरही चढवायचा, म्हणजे एकाच उधारीचे दोनदा पैसे. पत्रात मात्र हे टोमण्यासारखं लिहू नकोस, असं ते म्हणाले. "त्यांच्या पोरानं फोनवर बोललेलं पत्रात आणू नको. तू असं लिही की नजरचुकीनं झालंय. झालंयही तसंच असणार."

गाडीभाड्याचं मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. छापील किंमत दुकानात माल घेण्याची. रानापर्यंत टेम्पोनं पोचवायचे पैसे वेगळे ठरले असतील तर ते वेगळेच. माझ्या पावतीत ते नव्हतं, टेम्पोवाल्याला मी रोख दिले होते. पण कुणाच्या पावतीत पोत्याच्या दरातच भाडं मिळवलेलं असेल, तर आधी ते विचारून घ्यावं. नाहीतर पत्र देऊन पुन्हा आपणच खाली बघायची वेळ येते.

पुरावा गोळा करायला अर्धा दिवस गेला. नऊही पोत्यांचे फोटो काढले. आधी लांबून पूर्ण पोतं, मग किंमत आणि लॉट नंबर वाचता येईल असा जवळून. फिकी शाई उन्हात दिसत नाही, सावलीत पोतं जरा ताणून धरलं की दिसते. तीन पोती तोवर आईच्या तळवटात शिवली गेली होती, त्यातली दोन जुन्या किमतीची. तळवट उसवायला आई तयार नव्हती. मग तळवटाचाच फोटो काढला. पॉस मशीनवर अंगठा दिल्यावर मिळालेली चिठ्ठी पावतीला टाचलेली होती. तिच्यावर तारीख आणि पोत्यांची संख्या होती, म्हणजे 14 पोती मी त्याच दिवशी तिथूनच घेतली याला दुसरा कागद मिळाला. ती चिठ्ठी गुळगुळीत कागदाची असते, दोन-चार महिन्यांत अक्षरं उडतात. म्हणून तिची लगेच झेरॉक्स काढली.

24 फेब्रुवारीला दुसरं पत्र लिहिलं. ते असं.

दिनांक : 24 फेब्रुवारी 2025

प्रति,
मा. मालक,
(दुकानाचं नाव व पत्ता)

विषय : उधारी पावती क्र. 1187 मधील 10:26:26 खताच्या दराची दुरुस्ती करून मिळण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

मी दि. 16 जानेवारी 2025 रोजी आपल्या दुकानातून वरील पावतीने उधारीवर खत घेतले आहे. पावतीची एकूण रक्कम रु. 26,932 आहे.

या पावतीत 10:26:26 ची 14 पोती प्रत्येकी रु. 1,725 या दराने लावली आहेत. प्रत्यक्षात मिळालेल्या 14 पोत्यांपैकी 5 पोत्यांवर कमाल किरकोळ किंमत रु. 1,725 छापलेली आहे आणि 9 पोत्यांवर रु. 1,470 छापलेली आहे. नवीन दर आल्यानंतर जुन्या मालालाही नजरचुकीने तोच दर लागला असावा.

त्यानुसार हिशेब असा होतो :
9 पोती × 1,470 = 13,230
5 पोती × 1,725 = 8,625
10:26:26 ची योग्य रक्कम = 21,855
पावतीत लावलेली रक्कम = 24,150
जादा लागलेली रक्कम = 2,295

युरिया व मॅग्नेशियम सल्फेट यांच्या रकमेबद्दल माझी काही हरकत नाही. म्हणजे या पावतीपोटी माझ्याकडून येणे रक्कम रु. 24,637 होते. ती मला मान्य आहे आणि ठरल्याप्रमाणे ऊसबिलातून मी देणार आहे.

तरी कृपया,
1) रु. 2,295 ची क्रेडिट नोट मूळ पावतीचा क्रमांक घालून द्यावी, किंवा पावती दुरुस्त करून द्यावी.
2) माझ्या खात्यावर ही दुरुस्ती मूळ पावतीच्या तारखेपासून धरावी, म्हणजे या रकमेवर व्याज लागणार नाही.

9 पोत्यांचे फोटो, पावतीची व पॉस चिठ्ठीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. एका पोत्यावरील किंमत खराब झाली आहे, परंतु लॉट नंबर इतर 8 पोत्यांचाच आहे. यातील 4 पोती अजून शिलाईसह शेडमध्ये आहेत. आपण किंवा आपला माणूस येऊन पाहू शकता.

आपल्या सोयीने आठ दिवसांत कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही, नाव, गाव, खाते क्रमांक)

पत्रातली दोन वाक्यं सचिवांनी मुद्दाम घालायला लावली. पहिलं, 24,637 मला मान्य आहे हे. दुकानदाराच्या मनात पहिली शंका येते ती ही, की हा माणूस उधारी बुडवायला निमित्त शोधतोय. ती शंका त्या एका वाक्यानं जाते. दुसरं, व्याज मूळ तारखेपासून वजा व्हावं हे. 2,295 वर दीड टक्क्यानं महिन्याला साधारण 34 रुपये होतात. किरकोळ वाटतं, पण आमची उधारी दहा-दहा महिने चालते. दहा महिन्यांत 344 रुपये होतात, म्हणजे युरियाचं एक पोतं आणि वर चहा.

दुसऱ्या दिवशी दोन प्रती घेऊन दुकानात गेलो. मुद्दाम दुपारी, गर्दी नसताना. अण्णा, म्हणजे मालक, स्वतः गल्ल्यावर होते. माझ्या वडिलांचं खातं त्यांनीच उघडलेलं. फोनवरचं भांडण त्यांच्या कानावर गेलेलं दिसत होतं, कारण त्यांनी नेहमीसारखं "या, बसा" म्हटलं नाही.

मी म्हणालो, "अण्णा, परवा फोनवर माझा आवाज जरा चढला. हे लिहून आणलंय, सवडीनं वाचा. दुसऱ्या प्रतीवर तेवढी पोच द्या."

"पोच कशाला? मी काय पळून चाललोय?"

"माझ्याच आठवणीसाठी. ऊसबिल यायला वर्ष जाणार."

त्यांनी जरा वेळ माझ्याकडं बघितलं, मग 'मिळाले' लिहून तारीख टाकली, सही केली, शिक्का मारला. शिक्का त्यांनी जरा जोरातच मारला.

चार दिवसांनी, शनिवारी संध्याकाळी, ते आणि त्यांचा मुलगा आमच्या रानात आले. मी अपेक्षा केली नव्हती. मुलानं शेडमधली चारही पोती फिरवून बघितली, मोबाईलमध्ये फोटो घेतले. अण्णांनी विचारलं, "हीच पोती माझ्याकडची, कशावरून? तुम्ही सोसायटीतनंबी खत उचलता." प्रश्न रास्त होता. त्यांच्या जागी मी असतो तरी हाच विचारला असता. मी लॉट नंबर दाखवला. म्हणालो, तुमच्या खरेदीच्या बिलात नाहीतर साठा रजिस्टरला बघा, हा लॉट तुमच्याकडं त्या तारखेला होता का.

फोटो आणि किंमत इथवर आणून सोडतात, पुढचं काम साठा रजिस्टरचं. विक्रेत्याला आवक, विक्री, शिल्लक रोज लिहावी लागते. 16 जानेवारीला जुना साठा शून्य असता, तर माझी नऊ पोती दुसरीकडची ठरली असती आणि मला गप्प बसावं लागलं असतं.

सोमवारी, 3 मार्चला, त्यांचा फोन आला. रजिस्टरला 15 जानेवारीच्या रात्री जुन्या मालाची 31 पोती शिल्लक दिसत होती. "कॉम्प्युटरात एका खताला एकच दर बसतो," अण्णा म्हणाले. "पोरानं नवा दर भरला तो सगळ्यालाच लागला. तुमच्या आधी दोघांचं असंच झालंय, ते आलेच नाहीत." मग म्हणाले, "तुमच्या खात्यावर 2,295 जमा करतो. विषय संपला."

इथं मी थोडा अडून बसलो. अडलो नसतो तर निम्मंच काम झालं असतं.

'जमा' आणि 'दुरुस्ती' यांत फरक आहे. खात्यावर 2,295 जमा लिहिले, तर कागदावर असं दिसतं की मी तेवढे पैसे आणून भरले. मूळ पावती 1725 च्या दरानं तशीच राहते. माझ्या बाजूनं त्यात धोका असा, की पुढं कधी खात्यावरून वाद झाला तर "तेव्हा तुम्ही पैसे भरले होते" असंच वाचलं जाणार. आणि त्यांच्या बाजूनं धोका मोठा. 1470 छापलेली नऊ पोती 1725 ला विकल्याची सही-शिक्क्याची पावती त्यांच्याच दप्तरात राहते. उद्या पंचायत समितीचे कृषी अधिकारी तपासणीला आले आणि रजिस्टर, पावती शेजारी ठेवून बघितली, तर तिथं चूक कशी झाली याचा खुलासा करणारा कागद पाहिजे. शिवाय छापील किंमत जीएसटीसह असते. खतावर पाच टक्के, म्हणजे या 2,295 मध्ये सुमारे 109 रुपये कराचे. क्रेडिट नोट काढली तर तो कर त्यांच्या हिशेबातून कमी होतो. नुसतं जमा केलं, तर न झालेल्या विक्रीचा कर ते भरत बसतात.

हे मी एवढं नीट बोललो असं नाही. मी म्हणालो, "अण्णा, क्रेडिट नोटच काढा. तुमच्या सीएला विचारा, तोबी तेच सांगेल." कराचं ऐकून मुलगा मागून म्हणाला, "ते खरं आहे, अण्णा."

या शब्दांची एक गंमत आहे. आमची उधारीची पावती म्हणजे क्रेडिट मेमो. त्यानं माझ्यावर देणं चढतं. क्रेडिट नोटनं तेच देणं उतरतं. दोन्हीत 'क्रेडिट'च. आमच्या भावकीतल्या एकाला असाच कागद मिळाला होता, तर त्यानं तो उधारीचा समजून घाबरून परत केला होता. हातात कागद आला की मथळा वाचण्यापेक्षा आत कारण काय लिहिलंय ते वाचावं. माझ्या नोटवर लिहिलं होतं, "पावती क्र. 1187, दि. 16/01/2025, 10:26:26, 9 पोती, दर फरक प्रत्येकी 255." कर वेगळा दाखवलेला. खाली एकूण 2,295.

त्याच दिवशी जाऊन ती घेतली. अण्णांनी या वेळी चहा मागवला. मॅग्नेशियमचं मी तेव्हाही काढलं नाही, पण उठताना त्यांनीच विचारलं, "ती पिशवी वापरली का?" मी म्हणालो, पडलीय तशीच. "मग आणून द्या. नको असलं तर तिथंच सांगत जावा की." सांगितलं होतं, हे मी ओठांवर आलेलं गिळलं. पिशवी पुढच्या खेपेला परत दिली, 650 रुपये कमी झाले. पत्रात हे घातलं असतं तर झालं असतं का, मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात राहिली. 'तुमच्या आधी दोघांचं असंच झालंय' असं अण्णा म्हणाले होते. मी विचारलं, त्यांचं काय करणार? म्हणाले, "बघू, आले की." त्यातला एक आमच्याच शिवारातला निघाला, हे मला नंतर कळलं. मी त्याला सांगितलं, पण त्यानं पोती विकून टाकली होती आणि पावतीवर लॉट नंबर नव्हता. त्याला अण्णांनी किती दिले, दिले की नाही, मला माहीत नाही.

मार्च संपल्यावर दुकानातून खातेउतारा आणला. आमचं खातं दरवर्षी एप्रिलमध्ये मी असंच बघून घेतो. 1187 ची रक्कम, खाली क्रेडिट नोट, सगळं बरोबर होतं. व्याजाच्या ओळीपाशी अडलो. व्याज 3 मार्चपर्यंत जुन्याच रकमेवर धरलं होतं, कारण कॉम्प्युटरनं क्रेडिट नोट तिच्या तारखेपासूनच मोजली होती. दीड महिन्याचे 2,295 वरचे व्याज, 51 रुपये 64 पैसे.

खरं सांगायचं तर तेवढ्यासाठी बोलायचं की नाही, याचा विचार करत मी काउंटरशी पाचेक मिनिटं उभा होतो. मागं दोघं-तिघं खोळंबले होते. मग खिशातून पोच असलेली प्रत काढली आणि दुसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवलं. मुलानं वाचलं, हसला, पेननं उताऱ्यावर '52 वजा' लिहिलं, सही केली.

"आता 36 पैसे तुमचे माझ्याकडं राहिले," मी म्हणालो.

"राहू द्या खात्यावर," तो म्हणाला. "युरिया किती टाकू?"

मी चार सांगितली आणि गोडाऊनमध्ये जाऊन पोती टेम्पोत चढायच्या आधी पाठीमागून बघून घेतली.